प्रकल्प नोंदी: कोथरूडहून हडपसरला न पोहोचणारे आमंत्रण

सोमवार, २ जून २०२५

आज सकाळी चाचणी गटातील एका खेळाडूची तक्रार माझ्याकडे सोपवण्यात आली. तक्रार करणारा मुलगा कोथरूडला राहतो आणि आमचा खेळ संगणकावर, स्टीमच्या खात्यातून खेळतो. त्याचा वर्गमित्र हडपसरला राहतो आणि गेल्या महिन्यापासून एक्सबॉक्सवर खेळतो. दोघेही अल्पवयीन असल्यामुळे या नोंदींत त्यांची नावे न लिहिता मी गावावरूनच त्यांचा उल्लेख करणार आहे.

तक्रार अशी आहे की, कोथरूडच्या मुलाने मित्राला आमंत्रण पाठवले की त्याच्या पडद्यावर ‘आमंत्रण पाठवले’ असे हिरव्या अक्षरांत दिसते, परंतु हडपसरला काहीच दिसत नाही. आमंत्रण देताना दोघे एकमेकांशी फोनवर बोलत होते, त्यामुळे समोरच्याने ते पाहिलेच नसेल ही शक्यता उरत नाही. त्यांनी अकरा वेळा प्रयत्न केला. दोघांनी राउटर बंद-चालू केले, खेळ काढून पुन्हा टाकला, आणि अखेरीस एकाने मोबाइलच्या इंटरनेटवरूनही पाहिले.

सर्व्हरच्या लॉगमध्ये त्या अकराही आमंत्रणांपुढे एकच शेरा आहे:

```
invite=4417 from=P-18240 to=P-20931 status=delivered
```

हा शेरा वाचून आमच्यातील दोघांनी ‘सर्व्हरच्या बाजूने सारे ठीक आहे’ असे म्हणून तक्रार बंद करण्याचे सुचवले. मला ते पटले नाही. `delivered` हा शब्द आमच्याच सेवेने लिहिला आहे, आणि त्याचा अर्थ नेमका काय होतो हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबणे बरोबर नाही.

मंगळवार, ३ जून

`delivered` चा अर्थ सापडला. आमंत्रण ज्या खेळाडू क्रमांकाच्या नावे आहे, त्याच्या पेटीत ते ठेवले गेले एवढेच हा शब्द सांगतो. तो खेळाडू त्या क्षणी खेळात आहे की नाही, त्याच्या यंत्राने ते उचलले की नाही, पडद्यावर दाखवले की नाही, यांपैकी कशाचीही ग्वाही त्यात नाही. पोस्टमनने पत्र दारातील पेटीत टाकले, परंतु घर कुलूपबंद आहे की त्यात कोणी राहते हे पाहिले नाही, असा हा प्रकार आहे.

यावरून पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला. P-20931 या घरात कोणी राहते का? या क्रमांकाचे शेवटचे प्रवेश ३ मेचे निघाले, आणि तेही स्टीमवरून. हडपसरचा मुलगा तर रोज संध्याकाळी एक्सबॉक्सवर खेळतो आहे. म्हणजे तो खेळतो ते खाते वेगळे आहे आणि त्याचा मित्र ज्याला बोलावतो आहे ते वेगळे.

कोथरूडच्या मुलाला फोन करून मी एकच प्रश्न विचारला: मित्रांच्या यादीत हडपसरच्या नावापुढे काय दिसते? तो म्हणाला, “दादा, तो नेहमी ऑफलाइनच दिसतो. मला वाटलं एक्सबॉक्सवाल्यांचं तसंच दिसत असेल.” ही खूण आम्ही पहिल्याच दिवशी विचारून घ्यायला हवी होती. समोरचा खेळत असताना तुमच्या यादीत तो सतत ऑफलाइन दिसत असेल, तर बहुधा आमंत्रण वाटेत हरवलेले नसते. ते चुकीच्या खात्याच्या नावे गेलेले असते. अर्थात काहीजण आपली हजेरी मुद्दाम लपवतात, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु तपास कुठून सुरू करायचा ते कळते.

गुरुवार, ५ जून

गटातील नव्या सहकाऱ्यांसाठी येथे ओळखींची रचना एकदा लिहून ठेवतो, कारण पुढचे सारे तीवर उभे आहे.

स्टीम प्रत्येक खात्याला एक लांबलचक क्रमांक देते आणि एक्सबॉक्सही स्वतःचा वेगळा क्रमांक देते. हे दोन क्रमांक एकमेकांना ओळखत नाहीत. पडद्यावर दिसणारे नाव या कामासाठी निरुपयोगी असते, कारण स्टीमवर एकाच नावाची हजारो माणसे असू शकतात आणि एक्सबॉक्सचे गेमरटॅगही बदलता येतात. म्हणून खेळाला स्वतःचा तिसरा क्रमांक ठेवावा लागतो आणि ‘हा स्टीम क्रमांक आणि हा एक्सबॉक्स क्रमांक एकाच माणसाचे आहेत’ असे आपल्या तक्त्यात नोंदवावे लागते. या नोंदीलाच आपण खाते जोडणी म्हणतो. मित्रांची यादी, प्रगती आणि आमंत्रणे ही सगळी तिसऱ्या क्रमांकाला चिकटलेली असतात. जोडणी चुकली की ती तिन्ही एकदम चुकतात.

हडपसरच्या मुलाच्या एक्सबॉक्स ओळखीपुढे आपल्या तक्त्यात कोणता क्रमांक आहे ते सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी काढून दिले:

```
platform  player    linked_at
steam     P-20931   2025-04-06
xbox      P-19876   2025-05-10
```

P-19876 हे खाते कोणाचे? ते फेब्रुवारीत एका मोबाइल ब्राउझरमधून उघडले गेले आहे, त्यावर खेळाचा पहिला सराव धडा तेवढा पूर्ण झाला आहे आणि एक्सबॉक्स जोडला जाईपर्यंत त्याला पुन्हा कोणी हात लावलेला नाही.

शनिवार, ७ जून

हडपसरच्या मुलाशी आणि त्याच्या आईशी सविस्तर बोलणे झाले, आणि १० मेच्या संध्याकाळी काय घडले ते आता जवळजवळ पायरीपायरीने सांगता येते.

एक्सबॉक्स घरी आल्यावर मुलाने आमचा खेळ सुरू केला आणि ‘माझे खाते आधीच आहे’ हा योग्य पर्याय निवडला. कन्सोलवर मोठा पासवर्ड टाइप करणे जिकिरीचे असते, म्हणून अशा ठिकाणी पडद्यावर एक छोटा कोड दाखवतात आणि तो फोनवर किंवा संगणकावर एका पानावर भरायला सांगतात. ही पद्धत प्रमाणित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८६२८ या मानक दस्तऐवजात तिचे वर्णन आहे. कोड दिला की कन्सोल दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘झाले का?’ असे विचारत राहते आणि फोनवर संमती मिळताच जोडणी पूर्ण होते.

मुलाने कोड भरण्यासाठी आईचा फोन घेतला. त्या फोनच्या ब्राउझरमध्ये फेब्रुवारीत त्याच्या मोठ्या बहिणीने आमचा खेळ एकदा उघडून पाहिला होता आणि ती बाहेर पडलेली नव्हती. आमच्या पानाने विचार केला की फोनवर जो कोणी आत आहे, त्याच्याच खात्याला कन्सोल जोडायचे आहे. मुलाने कोड भरला, पानावर ‘जोडणी पूर्ण झाली’ एवढे एकच वाक्य आले, आणि त्याचे एक्सबॉक्स बहिणीच्या खात्याला जोडले गेले.

मग चार आठवडे हे लक्षात कसे आले नाही, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर सरळ आहे. एक्सबॉक्सवर आपण खेळाडूचे नाव म्हणून त्याचा गेमरटॅगच दाखवतो, त्यामुळे पडद्यावर त्याला स्वतःचेच नाव दिसत होते. प्रगती पुसलेली आणि मित्रांची यादी रिकामी दिसली तेव्हा, नवीन यंत्रावर सगळे नव्याने सुरू होत असावे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्याची आई मला म्हणाल्या, “आमच्याकडे हा एकच फोन सगळे वापरतात हो. त्याचं काही चुकलं का?” त्याचे काहीही चुकलेले नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. एका फोनवर तीन माणसांची खाती असणे ही आपल्याकडच्या घरांतली सर्वसाधारण गोष्ट आहे आणि ती गृहीत न धरणारे पान आम्ही लिहिले आहे.

सोमवार, ९ जून

दुरुस्ती कशी करायची यावर आज बराच वेळ गेला.

पहिला मार्ग म्हणजे ताईंनी तक्त्यातील एक ओळ बदलून टाकायची. दोन मिनिटांचे काम आहे, आणि मला ते नको आहे. फोनवर एक माणूस ‘हे दुसरे खातेही माझेच आहे’ असे सांगतो म्हणून आपण जोडणी बदलली, तर उद्या हीच पद्धत वापरून कोणीही दुसऱ्याचे खाते बळकावू शकेल. या प्रकरणात मुलगा खरे बोलतो आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु नियम खरे बोलणाऱ्या मुलापुरता करता येत नाही.

दुसरा मार्ग दोन्ही खाती एकत्र करण्याचा. तो ऐकायला सोपा वाटतो, पण तसा नाही. दोन खात्यांत तीच वस्तू असेल तर ती दोनदा ठेवायची की एकदा, दोन्हीकडची प्रगती वेगळी असेल तर कोणती खरी मानायची, आणि कन्सोलच्या दुकानातून घेतलेली वस्तू दुसऱ्या खात्यात गेल्यावर परताव्याची मागणी आली तर ती कुठून काढून घ्यायची, या प्रश्नांना आमच्यासारख्या छोट्या गटाकडे आज भरवशाची उत्तरे नाहीत.

म्हणून तिसरा मार्ग ठरला. जोडणी खेळाडूने स्वतः सोडवावी आणि स्वतः नव्याने करावी. त्यासाठी एकाच बैठकीत त्याने दोन्ही ओळखींनी प्रवेश करून दाखवावा, म्हणजे एक्सबॉक्सवर स्वतःच्या ओळखीने आणि ब्राउझरमध्ये स्टीमच्या ओळखीने. बहिणीच्या खात्यात गेले चार आठवडे एक्सबॉक्सवरून मिळवलेली प्रगती तिथेच राहील. मुलाला हे आधी सांगितले. तो थोडा हिरमुसला, पण जुन्या खात्यात त्याची प्रगती कितीतरी जास्त असल्याने तयार झाला.

कोड भरण्याचे पानही आजच बदलायला घेतले. संमतीचे बटण येण्यापूर्वी आता ते तीन गोष्टी दाखवेल: कोणत्या गेमरटॅगचे कन्सोल जोडले जात आहे, ते कोणत्या खेळ-खात्याला जोडले जात आहे, आणि त्या खात्यातील प्रगती व मित्रांची संख्या किती आहे. नुसते नाव दाखवणे पुरेसे नाही. ‘० मित्र, पहिला धडा पूर्ण’ असे वाचले असते तर मुलगा तिथेच थांबला असता. त्याखाली ‘हे खाते माझे नाही’ असे तेवढ्याच आकाराचे बटण असेल, आणि ते दाबल्यावर पान आधीच्या माणसाला बाहेर काढून नव्याने प्रवेश मागेल.

गुरुवार, १२ जून

आज संध्याकाळी सात वाजता मुलाने नव्या पानावरून जोडणी सोडवली आणि पुन्हा केली. तक्त्यात `xbox` पुढे P-20931 आले. कोथरूडच्या यादीत हडपसरचे नाव पहिल्यांदाच हिरवे झाले आणि फोनवर दोघांचा आरडाओरडा मला ऐकू आला.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही अनपेक्षित होत्या.

पहिली अशी की, हडपसरच्या पडद्यावर पेटी उघडताच अकरा जुनी आमंत्रणे एकाखाली एक ओळीने दिसली. ज्या खेळांसाठी ती होती ते खेळ केव्हाच संपले होते. कोणत्याही आमंत्रणावर दाबले की त्रुटी येत होती.

दुसरी अशी की, कोथरूडच्या मुलाने त्याच क्षणी बारावे, ताजे आमंत्रण पाठवले आणि ते मात्र दिसले नाही.

जुनी दिसतात आणि नवे दिसत नाही, हे कोडे रात्री उशिरापर्यंत सुटले नाही. कन्सोलवरचा तपशीलवार लॉग मुलाकडून मागवला आहे.

शुक्रवार, १३ जून

लॉग आला. ताजे आमंत्रण कन्सोलपर्यंत पोहोचले होते. तिथे आमच्याच खेळाने ते उचलले, एक परवानगी तपासली, उत्तर ‘नाही’ आले, आणि आमंत्रण कोणालाही काही न सांगता टाकून दिले.

ही तपासणी योग्य आहे आणि ती करणे आवश्यकच आहे. एक्सबॉक्सवर दोन वेगळ्या पातळ्यांवर विचारावे लागते. पहिला प्रश्न खात्यापुरता असतो: या खात्याला इतर नेटवर्कवरील, म्हणजे स्टीमसारख्या एक्सबॉक्सबाहेरच्या सेवांवरील, लोकांबरोबर खेळण्याची मुभा मुळात आहे का?

```
XUserCheckPrivilege(user, XUserPrivilegeOptions::None,
    XUserPrivilege::CrossPlay, &allowed, &reason);
```

दुसरा प्रश्न दोन माणसांमधील नात्याचा असतो: बाहेरच्या नेटवर्कवरील अमुक प्रकारच्या माणसाला या खेळाडूशी खेळता किंवा बोलता येईल का? बाहेरच्या माणसाला एक्सबॉक्सचा क्रमांक नसल्यामुळे त्याची विचारणा व्यक्तीनुसार करता येत नाही. `CrossNetworkFriend` म्हणजे खेळातील मित्र, किंवा `CrossNetworkUser` म्हणजे इतर कोणीही, अशा वर्गानुसारच करता येते. कोण मित्र आणि कोण परका हे खेळानेच स्वतःच्या यादीवरून ठरवून द्यायचे असते. हडपसरच्या मुलाच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाला नकार आला होता आणि कारण `Restricted` असे होते, म्हणजे खात्याच्या सेटिंगने किंवा पालकांच्या नियंत्रणाने अडवलेले.

कालचे कोडेही याच लॉगमुळे उलगडले, आणि जे दिसले ते मला काळजीत टाकणारे आहे. ताजे आमंत्रण आले की आमचा खेळ परवानगी तपासतो. परंतु पेटी उघडल्यावर जुन्या आमंत्रणांची यादी काढणारा भाग वेगळा लिहिलेला आहे आणि तो काहीच तपासत नाही. ज्या मुलाच्या पालकांनी बाहेरच्या नेटवर्कशी संपर्क बंद ठेवला आहे, त्याला त्या यादीत बाहेरच्या माणसांची नावे दिसत होती. या वेळी ते नाव त्याच्या वर्गमित्राचे होते. उद्या ते कोणाचेही असू शकते. हे काम मी बाकी सर्व कामांच्या आधी घेतले आहे. दोन्ही वाटा आता एकाच तपासणीतून जातील, आणि आमंत्रणाचे आयुष्य पाच मिनिटांचे राहील.

शनिवार, १४ जून

हडपसरला जाऊन आलो. पालकांच्या नियंत्रणाबद्दल मुलाला फोनवरून सूचना देणे मला योग्य वाटले नाही. त्याच्या वडिलांशी समोरासमोर बोलायचे होते. मुलाचे खाते वडिलांच्या कुटुंब गटात आहे, त्यामुळे हे सेटिंग कन्सोलवरून मुलाला स्वतःला बदलता येत नाही आणि येऊही नये.

वडिलांनी चहा पुढे ठेवून पहिला प्रश्न विचारला तो असा: “हे चालू केलं, तर नेमकं काय काय उघडतं?” मी त्यांच्या फोनवरच त्यांना सारे दाखवले. कन्सोलवर हा भाग `Settings`, `Account`, `Privacy & online safety`, `Xbox privacy` असा आत जाऊन `Communication & multiplayer` मध्ये सापडतो. पालकांना तो फोनवरच्या `Xbox Family Settings` ॲपमधूनही हाताळता येतो. तेथे इतर नेटवर्कवरील खेळाडूंबरोबर खेळण्याची मुभा हे एक सेटिंग आहे, आणि एक्सबॉक्सबाहेरच्या लोकांशी आवाजाने किंवा मजकुराने बोलण्याची मुभा हे वेगळे सेटिंग आहे. एक उघडले म्हणून दुसरे उघडत नाही.

हा फरक कळल्यावर त्यांचा ताण बराच कमी झाला. त्यांना मुलाने मित्राबरोबर खेळण्याला हरकत नव्हती. अनोळखी आवाज घरात येण्याला होती. त्यांनी खेळण्याची मुभा दिली आणि बोलण्याची बंदच ठेवली. मुले तशीही फोनवर बोलतातच, आणि तो फोन आईचा आहे. हा त्यांचा निर्णय मला अगदी योग्य वाटला.

मुभा दिल्यावर लगेच आमंत्रण पाठवून पाहिले, आणि ते पुन्हा आले नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मला थोडा अंदाज होता, म्हणून मुलाला खेळ पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. नुसते मुख्य पडद्यावर जाऊन परत न येता, मेनूतून `Quit` करून. पुन्हा प्रवेश केल्यावर चौदावे आमंत्रण तीन सेकंदांत पडद्यावर आले. त्याने ते स्वीकारले आणि दोघे एकाच खेळात उतरले. मी तिथे अर्धा तास बसून पाहिले. खेळ तुटला नाही.

पुन्हा सुरू का करावा लागला याचे कारण आमच्याकडेच आहे. परवानगीचे उत्तर आम्ही प्रवेशाच्या वेळी एकदा घेतो आणि पुढे तेच जपून ठेवतो. कन्सोल झोपेतून उठले तरी खेळ तसाच चालू राहतो, त्यामुळे हे शिळे उत्तर कित्येक दिवस टिकू शकते. आणि ही चूक उलट्या दिशेने जास्त वाईट आहे: वडिलांनी उद्या मुभा काढून घेतली, तर खेळ बंद होईपर्यंत आम्ही जुनीच मुभा मानत राहू.

मंगळवार, १७ जून

परवानगी आता प्रत्येक आमंत्रणाच्या वेळी, प्रत्येक सामन्यात उतरताना आणि खेळ झोपेतून जागा झाल्यावर नव्याने विचारली जाते. मधल्या काळासाठी उत्तर जपणे बंद केले.

गुरुवार, १९ जून

आज दिवसभर एकाच प्रश्नावर चर्चा झाली: आमंत्रण नाकारले गेले तर कोणाला काय सांगायचे?

माझा पहिला मसुदा असा होता की पाठवणाऱ्याला कारण स्पष्ट सांगावे. ‘तुमच्या मित्राच्या पालकांनी इतर नेटवर्कवरील खेळ बंद ठेवला आहे’ असे एक वाक्य दिसले असते, तर या दोन मुलांचा बराच त्रास वाचला असता. ताईंनी तो मसुदा खोडला आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्या वाक्यातून पाठवणाऱ्याला समोरचे खाते लहान मुलाचे आहे हे कळते, आणि हे आमंत्रण वर्गमित्राने पाठवले की आणखी कोणी, हे आपल्याला ठाऊक नसते. तसेच, एखाद्याने तुम्हाला मुद्दाम अडवून ठेवले असेल तर ‘त्याने तुम्हाला अडवले आहे’ असे आपण कधीच सांगत नाही. मग पालकांच्या बंदीला वेगळा संदेश दिला, तर दोन संदेशांतल्या फरकावरूनच पाठवणारा खरे कारण ओळखेल.

शेवटी ठरले ते असे. पाठवणाऱ्याला नकाराच्या सर्व कारणांसाठी एकच वाक्य दिसेल आणि ते लगेच न येता, उत्तर न आलेल्या आमंत्रणाप्रमाणेच साठ सेकंदांनी येईल: ‘तुमचा मित्र सध्या या खेळात येऊ शकला नाही.’ लगेच आलेला नकार आणि मिनिटाने आलेला नकार यांतूनही माहिती झिरपते, म्हणून वेळही सारखीच ठेवली. ज्याच्याकडे ते दुरुस्त करण्याचा अधिकार किंवा निदान वाट आहे, त्या बाजूला मात्र स्पष्ट सांगायचे: ‘इतर नेटवर्कवरील मित्राचे आमंत्रण आले होते. तुमच्या खात्याच्या गोपनीयता सेटिंगमुळे ते दाखवता आले नाही. सेटिंग पालकांच्या हाती असेल तर त्यांना विचारा.’ यात पाठवणाऱ्याचे नाव नाही. ही सूचना पाठवणारा खेळातील मित्र असेल तरच द्यायची, दिवसातून एकदाच द्यायची, आणि घेणाऱ्याने स्वतः ज्याला अडवले आहे त्याच्या आमंत्रणासाठी कधीच द्यायची नाही.

मोठ्यांच्या खात्यांबाबत एक सोय आहे. तेथे `XUserResolvePrivilegeWithUiAsync` या मार्गाने एक्सबॉक्सचा स्वतःचा पडदा उघडता येतो आणि खेळाडूला काय करता येईल ते तोच सांगतो. त्यासाठी आम्ही स्वतःचे वाक्य रचण्याची गरज नाही.

शनिवार, २१ जून

पालख्या शहरात मुक्कामी असल्याने आज कार्यालयात दोघेच होतो आणि बाकीचे घरून काम करत होते. शांततेत आमंत्रणाच्या बटणाचे काम उरकले. समोरचा मित्र खेळात नसेल तर इतर नेटवर्कवरून त्याला बोलावण्याचा आमच्याकडे मार्गच नाही: एक्सबॉक्सच्या स्वतःच्या सूचनेत जे आमंत्रण दिसते ते एक्सबॉक्सच्याच ओळखीकडून यावे लागते, आणि स्टीमवरून येणारे आमंत्रण केवळ चालू असलेल्या आमच्या खेळातच दाखवता येते. म्हणून मित्र ऑफलाइन असताना बटण मंद राहील आणि त्याखाली ‘मित्राला खेळ सुरू करायला सांगा’ असे लिहिलेले असेल. याआधी ते नेहमी तेजस्वी असे आणि दाबले की ‘आमंत्रण पाठवले’ म्हणत असे. तो हिरवा शब्दही काढला. आता घेणाऱ्याच्या पडद्यावर आमंत्रण खरोखर दिसल्यावरच ‘पोहोचले’ असे येते.

बुधवार, २५ जून

मदत करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी प्रश्नांचा क्रम लिहून दिला. आधी विचारायचे की मित्र खेळत असताना तुमच्या यादीत तो ऑनलाइन दिसतो का. दिसत नसेल तर जोडणीच्या तक्त्याकडे जायचे आणि दोन्ही बाजूंनी खेळाडू क्रमांक जुळतात का ते पाहायचे; हा क्रमांक आता सेटिंगच्या पानावर तळाशी दिसतो, त्यामुळे खेळाडू तो वाचून दाखवू शकतो. दिसत असेल तर जोडणीला हात लावायचा नाही आणि घेणाऱ्याच्या गोपनीयता सेटिंगकडे जायचे. हा क्रम उलटा केला तर पालकांना विनाकारण सेटिंग उघडायला लावले जाते, आणि कन्सोल तर बहिणीच्या खात्याला जोडलेले असल्यामुळे आमंत्रण तरीही येत नाही.

राउटर बंद-चालू करण्याची सूचना आमच्या मदतपानावर पहिल्या क्रमांकावर होती. या प्रकारात तिचा काही उपयोग नाही, म्हणून ती खाली नेली.

शुक्रवार, २७ जून

नवी आवृत्ती चाचणी गटाला दिली. जोडणीच्या तक्त्यात आणखी अशी खाती आहेत का तेही पाहिले: स्टीमचे खाते अचानक थांबले, त्याच आठवड्यात त्याच घरच्या इंटरनेटवरून एक्सबॉक्स जवळजवळ रिकाम्या खात्याला जोडला गेला, आणि जुन्या खात्याच्या पेटीत न उघडलेली आमंत्रणे साचली, अशी आणखी चार सापडली. त्या खेळाडूंना आम्ही ईमेल पाठवला आहे. त्यात दोन्ही खात्यांची प्रगती शेजारी-शेजारी लिहिली आहे आणि जोडणी तपासण्याच्या पानाचा पत्ता दिला आहे; आमच्या बाजूने काहीही बदललेले नाही. चौघांपैकी दोघांनी संध्याकाळपर्यंत स्वतः जोडणी बदलली. तिसऱ्याने कळवले की रिकामे खाते त्याच्या धाकट्या भावाचे आहे आणि एक्सबॉक्सवर तोच खेळतो, त्यामुळे काहीच बदलायचे नाही. चौथ्याचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून त्याची नोंद उघडी ठेवली आहे.